‘पोशाख : पारंपरिक’ एवढं पुरत नाही

पत्रिकेच्या तळाशी ‘पोशाख : पारंपरिक’ एवढी एकच ओळ टाकायची, असं मुलीच्या घरी ठरलं होतं. लग्न मे महिन्यातलं, ठाण्यातलं. आदल्या संध्याकाळी कळव्याला सोसायटीच्या गच्चीवर हळद, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा मुहूर्त नौपाड्यातल्या कार्यालयात आणि संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या लॉनवर रिसेप्शन. आमच्यातली एक ब्लाउज शिवते, दुसरी पत्रिका छापते, म्हणून ही ओळ तपासायला आमच्याकडे आली. आम्ही ती जशीच्या तशी सात जणांना पाठवली आणि एकच विचारलं: हे वाचून तुम्ही काय घालाल?

काकू म्हणाल्या, पैठणी. काका म्हणाले, सफारी. त्यांच्या लेखी गेल्या तीस वर्षांत लग्नाचा पारंपरिक पोशाख सफारीच आहे. मुलीच्या ऐरोलीच्या ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, नेटचा लेहंगा. तिथलाच दिल्लीचा मुलगा मखमलीची शेरवानी काढणार होता, मे महिन्यात. चुलतभाऊ जीन्सवर खादीचा कुर्ता. केरळची मैत्रीण कसावू, म्हणजे सोनेरी काठाची मोतिया साडी. सातवीने उलट विचारलं, ‘हळदीलापण पारंपरिक का? मग मी दोन साड्या आणू का तीन?’

सातही उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती. ‘पारंपरिक’ हे विशेषण आहे आणि विशेषण अंगावर घालता येत नाही. त्यामुळे पहिला नियम आम्ही स्वतःपुरता केला: पाहुण्यांना पाठवायच्या चिठ्ठीत नुसतं विशेषण ठेवायचं नाही, कपड्याचं नाव लिहायचं. ‘पारंपरिक’ काढून ‘साडी, सलवार-कमीज, कुर्ता-पायजमा, धोतर’ लिहिलं की अर्धे फोन येतच नाहीत. सफारीचं काय, ते काकांना तोंडीच सांगितलं. सगळंच चिठ्ठीत लिहायचं नसतं.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची आहे. पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं, ‘उन्हाळा असल्यामुळे हलकी साडी नेसावी.’ मुलाच्या आईने वाचून फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. ‘हलकी’ म्हणजे वजनाला कमी, असं आमच्या मनात. त्यांच्या कानाला लागलं ते ‘कमी किमतीची’. व्याहीमंडळींना हलकी साडी नेसा असं कोण कळवतं? शिवाय तिसरा अर्थ उरतोच, फिका रंग. ‘भारी’चंही तसंच, जड की महाग ते कळत नाही. ‘साधे कपडे’ हे तर रोजचे कपडे समजून लोक घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन येतील. हे तिन्ही शब्द आम्ही खोडले आणि जागोजागी कापडाचं नाव घातलं: सुती, कॉटन-सिल्क, लिनन, चंदेरी, महेश्वरी, नारायणपेठ, इरकल. ज्याला नाव माहीत नाही तो दुकानात जाऊन तेच नाव उच्चारू शकतो.

मग एकेका कार्यक्रमाला धरून बसलो, कारण कापडाचा प्रश्न तिन्ही ठिकाणी वेगळा आहे.

हळदीचा प्रश्न डागाचा. हळद सुती आणि रेशमी दोन्ही धाग्यांत घट्ट बसते, तेल मिसळलेली असली की आणखी खोल जाते. पाहुणे येतात फोटोसाठी लिंबू रंगाचं सिल्क घालून आणि अर्ध्या तासात कोणीतरी मागून गालाला हात पुसतो. म्हणून हळदीला ‘सुती, धुता येईल असं, डाग पडला तरी वाईट वाटणार नाही असं’ एवढं स्पष्ट लिहावं लागतं. पिवळा रंग सांगायचं कारणही नुसती हौस नाही. पिवळ्यावर हळदीचा डाग लपतो, पांढऱ्यावर बोंब मारतो. पण ‘सर्वांनी पिवळं’ असं लिहिलं की लोक विकत आणायला धावतात आणि नवं पिवळं कापड पहिल्या पाण्यात स्वतःच रंग सोडतं. त्यामुळे ‘पिवळं, केशरी, अबोली यांतलं घरात असेल ते’ असं लिहिलं.

डाग पडल्यावर काय करायचं, ही ओळ चिठ्ठीत हवी की नको यावर आमचं बराच वेळ चाललं. शेवटी ठेवली, कारण बहुतेक जण नेमकं उलट करतात. हळद लागली की आधी साबण चोळतात. हळदीतला रंग साबणासारख्या क्षारी पदार्थात लालसर तपकिरी होतो. आपलं कुंकू पूर्वापार असंच बनतं, हळदीत चुन्याचा अंश घालून. म्हणजे बेसिनपाशी साबण चोळणारा माणूस कुर्त्यावर स्वतःच्या हाताने कुंकू तयार करत असतो. त्याला वाटतं डाग वाढला. खरं तर रंग फक्त पालटलेला असतो, लिंबाचा थेंब पडला की परत पिवळा होतो. करायचं ते असं: सुकलेली हळद आधी झटकून टाकायची, थंड पाण्यात खळबळायचं, घरी जाऊन नेहमीसारखं धुवायचं, लाल झालं तर घाबरायचं नाही, भरपूर पाण्याने साबण काढून टाकायचा आणि कपडा कडक उन्हात वाळत घालायचा. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन दिवसांच्या उन्हात सुती कापडावरचा बराचसा डाग विरतो. मे महिन्याचा हा एक फायदा. रेशमावर यातलं काही करू नये. ते थेट ड्रायक्लीनवाल्याकडे न्यावं, आणि नेताना डाग हळदीचा आहे हे सांगावं. उन्हात रेशमाचा मूळ रंगही उतरतो.

मुहूर्ताला दोन प्रश्न असतात, आग आणि घाम. दोन्हींचं मूळ एकच आहे, होम. कार्यालय वातानुकूलित आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण होम पेटला की भटजी आधी मंडपावरचा पंखा बंद करायला लावतात, ज्योत हलू नये आणि धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून. एसीची थंड हवा मंडपाच्या छताखाली पोचत नाही. त्या चार खांबांच्या मधे सव्वा तास बसणाऱ्यांना खरा मे महिना तिथेच भेटतो.

आगीचा धोका साडेतीनशे पाहुण्यांना नाही, मंडपात बसणाऱ्या नऊ-दहा जणांना आहे: दोन्हीकडचे आईवडील, करवल्या, मामा आणि लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालणारा भाऊ. तूप पडलं की ज्वाळा एकदम वीतभर वर येते. सुती कापडाला ठिणगी लागली तर ते काळं पडतं, भोक पडतं, आणि ज्वाळा लागली तर ते पेटतंही, पण वितळून कातडीला चिकटत नाही. रेशीम तर फारसं पेट घेत नाही, बहुधा विझतं. पॉलिएस्टरचं तसं नाही. ते साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, आणि वितळलेला गोळा कातडीला चिकटतो. आता जॉर्जेट, शिफॉन, सॅटिन, ऑर्गेन्झा ही नावं विणीची आहेत, धाग्याची नाहीत. जॉर्जेट रेशमाचंही असतं आणि पॉलिएस्टरचंही, आणि दुकानात हजार-बाराशेत मिळणारं बहुतेक दुसरंच. म्हणून ‘जॉर्जेट नको’ असा सरसकट नियम सगळ्यांच्या चिठ्ठीत घालण्यात अर्थ नव्हता. मंडपातल्या मंडळींना आम्ही वेगळा निरोप दिला आणि त्यात एक तपासणी सांगितली.

पदराच्या गोंड्यातले किंवा शिवणीच्या आतले दोन सुटे दोरे काढायचे, चिमट्यात धरून बाल्कनीत काडी लावायची. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख असेल तर सुती किंवा व्हिस्कोस. टोकाला काळा कडक मणी झाला, जो बोटांनी फुटत नाही, तर पॉलिएस्टर. ‘आर्ट सिल्क’ आणि ‘सेमी सिल्क’ हे शब्द फसवे आहेत. त्यांत बहुधा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टरच निघतं. इथे एक मर्यादा सांगायला हवी. ताण्याचा दोरा एक आणि बाण्याचा दुसरा असं सर्रास असतं, त्यामुळे आडवा एक आणि उभा एक असे दोन दोरे तपासायला हवेत. या लग्नात एका करवलीच्या घागऱ्याचं वरचं कापड रेशमी निघालं आणि आतली फुगीर जाळी नायलॉनची. जाळीचा दोरा क्षणात आकसला. तो घागरा रिसेप्शनला गेला, मंडपात ती नारायणपेठ नेसली.

ओढणीबद्दल एकच: लाजाहोमाच्या वेळी वाकावं लागतं आणि सुटी ओढणी पुढे लोंबते. पिन खांद्याला एक पुरत नाही, कमरेला दुसरी हवी.

घामाचं गणित बाकीच्या पाहुण्यांसाठी. राखाडी आणि आकाशी या दोन रंगांवर घाम सगळ्यात आधी दिसतो, कारण भिजल्यावर ते गडद होतात आणि फरक लांबून कळतो. गडद निळा, डाळिंबी, आमसुली किंवा भरपूर बुट्ट्यांचं कापड तेवढंच भिजलेलं असलं तरी दिसत नाही. सॅटिन आणि पातळ सिल्कवर पाण्याचा वाळलेला थेंबही वर्तुळ ठेवून जातो. त्यात कार्यालयाच्या दारात गुलाबदाणी घेऊन कोणीतरी उभं असतंच. गुलाबपाणी कॉटनवर वाळून जातं, फिक्या रेशमावर ठिपके राहतात. हे पाहुण्यांच्या चिठ्ठीत लिहिण्याऐवजी गुलाबदाणी धरणाऱ्या मुलींना सांगितलं: हातावर शिंपडा, खांद्यावर नको. काही गोष्टी पाहुण्यांनी पाळण्यापेक्षा यजमानांनी पाळणं सोपं असतं.

अक्षतांचंही तेच. तांदळाला कुंकू ओलं लावून तशाच वाटल्या की तीनशे जणांच्या मुठी लाल, आणि पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाच्या पाठीवर गुलाबी ठिपके. आदल्या दिवशी सकाळी रंगवून, पंख्याखाली कागदावर पसरून पुरत्या वाळवल्या की हा त्रास संपतो. वाळल्या की नाही ते पांढऱ्या रुमालावर मूठभर चोळून पाहायचं.

आता रंग. भांडणं इथेच होतात.

काळा नको, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी सगळ्यात जास्त प्रश्न काळ्यावरच येतात. काळी पँट चालेल का? काळे बूट? काळ्या काठाची साडी? काळा ब्लाउज? एका आजींनी विचारलं, चंद्रकळा चालेल ना? चंद्रकळा काळी असली तरी ती संक्रांतीची. लग्नाच्या मांडवात नेसत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, त्या आमची परीक्षा घेत होत्या. ‘काळा टाळावा’ या दोन शब्दांत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. म्हणून मर्यादा आखून लिहिलं: साडी, कुर्ता किंवा ड्रेस पूर्ण काळा नको, काठ, ब्लाउज, पँट, पादत्राणं काळी चालतील. गडद निळ्याची वेगळी कटकट आहे. कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत तो काळाच दिसतो आणि मुलाची आजी कोपऱ्यातून विचारते, ही काळं नेसून कोण आली? हे आम्ही चिठ्ठीत घातलं नाही. मंगळसूत्राचे मणीही काळेच असतात, असं आजीला सांगायला एखादा नातू शेजारी बसवला की पुरे.

पांढऱ्याबद्दल आम्ही जास्त वेळ घालवला. जुन्या मंडळींच्या डोळ्यांना बाईच्या अंगावरचं निव्वळ पांढरं खुपतं, त्यामागचं कारणही सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते कारण आम्हाला पटत नाही. पण चिठ्ठी ही ते भांडण भांडायची जागा नाही. पुरुषांचं पांढरं धोतर आणि सदरा चालतो, तेव्हा ‘पांढरा टाळावा’ असं लिहिलं तर निम्मे काका नाराज. आणि केरळच्या मैत्रिणीची कसावू? तिच्याकडे ती मंगल कार्याचीच साडी. बंगाली शेजारीण लाल काठाची पांढरी नेसणार होती, तीही तशीच. दोन्हींत एक गोष्ट समान दिसली, काठ. म्हणून वाक्य झालं: ‘काठ नसलेली पूर्ण पांढरी साडी किंवा ड्रेस नको.’ आठ शब्दांत कसावू आत आली, लाल काठ आत आला, धोतराला हात लागला नाही आणि कारण सांगावं लागलं नाही. आमच्या मते या चिठ्ठीतलं सगळ्यात नीट जमलेलं वाक्य हेच.

पिवळा आणि हिरवा हे नवरीचे रंग. आमच्याकडे मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री, नंतर हिरवा शालू. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मुहूर्ताला पिवळा व हिरवा टाळावा.’ मुलीच्या आत्याने वाचून विचारलं, ‘मग आम्ही नेसायचं काय?’ खरंच, पन्नाशीपुढच्या बायकांचं कपाट उघडलं तर काठापदराच्या साड्यांत निम्म्या हिरव्या असतात. सौभाग्याचा रंग काढून घेतला तर उरतं काय? नवरीशी गल्लत होते ती सबंध रंगाने नाही, जोडीने होते: पिवळी नऊवारी आणि लाल किंवा हिरवा काठ. तेवढीच जोडी बंद केली, हिरवा मोकळा सोडला.

रंगांची नावं हा आणखी एक खड्डा. रिसेप्शनला नवरी मरून घागऱ्यात, म्हणून तो रंग टाळायला सांगायचा होता. आम्ही मराठीत डाळिंबी लिहिलं. मावशीच्या डोक्यात डाळिंबी म्हणजे सालीचा लालसर, भाचीच्या डोक्यात दाण्यांचा, आणि ऑफिसातल्या मंडळींना शब्दच माहीत नाही. चिंतामणी रंगावर दोन आत्यांनी दोन वेगळ्या साड्या काढून दाखवल्या, तेव्हा तो शब्द चिठ्ठीतून गेलाच. शेवटी रंगाचं नाव एक आणि सोबत कापडाचा फोटो. फोटो काढायचा तो सकाळी, खिडकीपाशी, सावलीत, फ्लॅश बंद, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून. ट्यूबलाइटखाली काढला तर मरूनचा विटकरी होतो आणि लोक नेमका खरा मरून घेऊन येतात.

रिसेप्शनबद्दल फार लिहायचं नव्हतंच. काळा सूट चालेल हे लिहिलं, कारण सकाळची बंदी लोक संध्याकाळपर्यंत ओढतात. आणि लॉन आहे, टाचा रुततात, हे लिहिलं. पेन्सिल टाच गवतात दोन इंच जाते आणि माणूस मागे पडतो. सपाट किंवा रुंद टाचेची चप्पल हवी.

आता ही चिठ्ठी छापायची कुठे? मूळ पत्रिकेत नाही, यावर छापणारी ठाम होती. पहिली पत्रिका कुंकू लावून गणपतीपुढे ठेवतात, मग कुलदैवताला जाते. त्यात ‘पेन्सिल टाचा नकोत’ असं कोण लिहिणार? शिवाय ‘आहेर आणू नये’च्या खाली आणखी दोन सूचना आल्या की पत्रिका नोटीस दिसायला लागते. वेगळी चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढी, लिफाफ्यात मागे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांच्या लिफाफ्यात ती घातलीच नाही. ते बरोबर नेसूनच येतात.

व्हॉट्सॲपवर चित्र न पाठवता साधा मजकूर पाठवला. पाठवताना चित्र पुसट होतं, ज्येष्ठांना अक्षर मोठं करता येत नाही आणि लग्नाच्या सकाळी शोधायला गेलं तर सापडत नाही. मजकुरात ‘हळद’ टाकून शोधलं की सापडतो.

वेळेचा हिशेब शिलाईचा धरावा. मे महिन्यात ब्लाउज शिवून मिळायला बारा-पंधरा दिवस लागतात, त्याआधी कापड घ्यायला चार-पाच. म्हणजे निदान तीन आठवडे. आम्ही पंचवीस दिवस आधी पाठवली. आठ दिवस आधी पाठवलेली चिठ्ठी फक्त मनस्ताप देते. माणसाने कपडे घेतलेले असतात आणि ते चुकीचे आहेत एवढंच त्याला कळतं.

शेवटी गेलेला मजकूर असा होता.

*कपड्यांविषयी थोडंसं*

*हळद (गच्चीवर, संध्याकाळी ६): धुता येतील असे सुती कपडे. पिवळं, केशरी, अबोली यांतलं घरात असेल ते. नवीन घेऊ नये. हळद नक्की लागणार आहे, म्हणून सिल्क आणि पांढरं नको. डागाला लगेच साबण लावू नका. थंड पाण्याने धुऊन, घरी कपडा उन्हात वाळवा.*

*मुहूर्त (कार्यालय, सकाळी ११ वा. ४२ मि.): साडी, नऊवारी, सलवार-कमीज किंवा साधा घागरा, कुर्ता-पायजमा, धोतर किंवा शर्ट-पँट. उकाडा आहे, तेव्हा कॉटन, कॉटन-सिल्क, लिनन सोयीचं. मखमल आणि जाड जरीकाम टाळलेलं बरं. पूर्ण काळी साडी, कुर्ता किंवा ड्रेस नको. काळा काठ, ब्लाउज, पँट, बूट चालतील. काठ नसलेली पूर्ण पांढरी साडी किंवा ड्रेस नको. लाल किंवा हिरव्या काठाची पिवळी नऊवारी नवरीची आहे, तेवढी तिच्यासाठी सोडा. फेटे आमच्याकडे आहेत. बांधून घ्यायचा असेल त्यांनी साडेदहापर्यंत यावं.*

*रिसेप्शन (लॉन, संध्याकाळी ७): आवडेल ते, काळा सूटही चालेल. फोटोतला मरून रंग मात्र नको. गवत आहे, टोकदार टाचा रुततात.*

*यातलं काही जमलं नाही तरी या. कपड्यांवाचून कोणाचं अडू नये.*

शेवटची ओळ मुलीच्या वडिलांची. आम्हाला ती आधी जास्तीची वाटली, कारण तिने वरचे सगळे नियम ढिले पडतात. पण गावाकडून येणाऱ्या आणि एकच चांगली साडी असलेल्या माणसाला ती ओळ लागते, म्हणून राहिली.

‘साधा घागरा’मधला ‘साधा’ आमच्या नजरेतून निसटला, आणि त्याच शब्दावर चार फोन आले. ‘जाळी नसलेला’ लिहायला हवं होतं. फेट्याच्या वेळेचंही चुकलं. फेटेवाला एक होता, एका फेट्याला तीनेक मिनिटं, आणि साठ जण साडेदहालाच आले. वेळ साडेनऊपासूनची द्यायची आणि दोन फेटेवाले बोलवायचे. ट्रान्स हार्बरने ऐरोलीहून येणाऱ्या मुलींनी विचारलं, नऊवारी नेसून लोकलमध्ये चढायचं का? कार्यालयात कपडे बदलायची खोली आहे आणि नेसवणारी बाई दहापर्यंत आहे, हे चिठ्ठीत नव्हतं. ते दोन दिवस आधीच्या आठवणीच्या निरोपात घातलं. त्या निरोपात नवा नियम एकही घातला नाही, फक्त वेळा आणि खोली.

इतकं करूनही मुहूर्ताला दोघं पूर्ण काळ्यात आले आणि एक मुलगी मंडपाशेजारी पॉलिएस्टरच्या लांब ओढणीत. त्यासाठी दाराजवळच्या टेबलाखाली एक पिशवी ठेवलेली होती: सहा सुती ओढण्या, चार रेशमी काठाची उपरणी, दोन डझन सेफ्टी पिना, एक कात्री. काळ्या कुर्त्यावर उपरणं घातलं की फोटोत काळा हातभरच उरतो. उपरणी चारातली तीन परत आली.